सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांची निवड: अर्ज, माघार, मतदान आणि निकाल इतिवृत्तात कसे उतरवायचे

गृहनिर्माण सोसायटीत निवडणूक दोनदा होते, हे बऱ्याच सभासदांच्या लक्षात येत नाही. आधी सगळे सभासद मिळून समिती निवडतात. मग निवडून आलेली समिती पहिल्या सभेत आपल्यातून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडते. पहिल्या निवडणुकीत मतदार यादी, अर्जांची छाननी, मतपेटी असं सगळं रीतसर होतं. दुसरी मात्र कुणाच्या तरी हॉलमध्ये चहा घेता घेता उरकली जाते, आणि इतिवृत्तात एकच ओळ येते: "सर्वानुमते खालीलप्रमाणे पदाधिकारी निवडण्यात आले." चार महिन्यांनी दोघांत बिनसलं की ही एक ओळ कुणाच्याच कामाला येत नाही. म्हणून हा लेख फक्त या दुसऱ्या निवडणुकीबद्दल आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक सोसायटी घेऊ. कोथरूडमध्ये दोन इमारती, ए आणि बी, मिळून ४० सभासद. आदर्श उपविधींनुसार शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीची समिती अकरा जणांची असते: सहा सर्वसाधारण जागा, दोन महिलांच्या आणि तीन राखीव. आपल्या सोसायटीत राखीव जागांपैकी दोन रिकाम्या राहिल्या, म्हणून नऊ जण निवडून आले. अकराच्या समितीची गणपूर्ती सहा. सभा रविवारी रात्री आठ वाजता क्लब हाउसमध्ये आहे. इथे मी माणसांना फ्लॅटच्या नंबरांनी ओळखणार आहे, तुमच्या इतिवृत्तात अर्थातच पूर्ण नावं येतील.

नोटिशीपासून सुरुवात

समितीच्या सभेला आदर्श उपविधींत तीन पूर्ण दिवसांची नोटीस सांगितली आहे. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही. रविवारची सभा असेल तर नोटीस उशिरात उशिरा बुधवारी हातात पडली पाहिजे, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन दिवस पूर्ण मिळतात. तुमच्या सोसायटीने मंजूर केलेल्या उपविधींत किंवा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यक्रमात वेगळी मुदत असेल तर ती पाळायची.

विषयपत्रिकेत "अध्यक्ष, सचिव व खजिनदार या पदांची निवड" असा विषय स्पष्ट लिहा. तो "ऐनवेळचे विषय" या ओळीखाली घेतलेला मी पाहिला आहे. एखादा सदस्य गैरहजर असेल, तर "हा विषय येणार हे मला ठाऊकच नव्हतं" अशी हरकत घ्यायला त्याला तेवढं पुरतं. नोटीस व्हॉट्सॲपवर टाका हवी तर, पण नऊ जणांची नावं असलेल्या कागदावर पोच म्हणून सही आणि तारीख घ्या. पुढे हाच कागद इतिवृत्ताला जोडायचा आहे.

सभा कोण चालवणार

जो स्वतः उमेदवार आहे त्याने सभा चालवू नये. समितीची निवडणूक ज्यांनी घेतली ते निवडणूक अधिकारी सहसा या पहिल्या सभेलाही असतात, तेव्हा प्रश्न येत नाही. मावळत्या समितीची मंडळी खुर्चीत बसून नव्यांची निवड घेत असतील, तर तिथेच शंकेला जागा होते.

इथे एक बारीक पेच आहे. अध्यक्षांची निवड आधी होते, आणि नाव जाहीर झालं रे झालं की टाळ्या वाजतात, नवे अध्यक्ष मधल्या खुर्चीत जाऊन बसतात आणि पुढच्या दोन पदांची निवड तेच घेतात. सचिवपदाला समान मतं पडली की मग ते म्हणतात, अध्यक्ष म्हणून माझं निर्णायक मत आहे. समितीच्या कामकाजातल्या ठरावांवर समान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं, ते खरं. पण पदाधिकाऱ्यांच्या निवडीत समान मतं पडली तर निकाल चिठ्ठी टाकून लावायचा असतो. म्हणून तिन्ही पदांचे निकाल लागेपर्यंत निवडणूक अधिकारीच सभा चालवतील, हे सुरुवातीलाच सांगा आणि इतिवृत्तात लिहा.

मतदार कोण, हेही तेव्हाच ठरवून घ्या. निवडून आलेले आणि हजर असलेले समिती सदस्य, एवढेच. तज्ज्ञ म्हणून स्वीकृत केलेल्या सदस्याला या निवडीत मत नसतं आणि त्याला पदही घेता येत नाही. आपल्या उदाहरणात ए-४ च्या काकू मुंबईला गेल्या आहेत आणि त्यांनी "माझं मत बी-११ ला" असा मेसेज पाठवला आहे. तो मोजायचा नाही. गुप्त मतदानात मत देणारा समोर हवा, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणाला मत देता येत नाही. इतिवृत्तात "नऊपैकी आठ सदस्य हजर, एक गैरहजर" असं येईल. पुढचा सगळा हिशेब या आठवर चालणार आहे.

अर्ज: एकेक पद की तिन्ही एकदम?

हा निर्णय अर्ज मागवण्याआधी व्हायला हवा, कारण त्यावर निकाल फिरू शकतो. तिन्ही पदांचे अर्ज एकदम घेतले तर सचिवपदाला हरलेला माणूस खजिनदारपदाला उभा राहू शकत नाही, कारण ती वेळ निघून गेलेली असते. एकेक पद पूर्ण करत गेलं तर त्याला संधी मिळते. आठ-दहा जणांच्या समितीत माणसं मुळातच कमी असतात, म्हणून मला एकेक पद घेणं बरं वाटतं. निवडणूक कार्यक्रमात पद्धत आधीच ठरवून दिली असेल तर तीच चालवायची. काहीही ठरो, पहिला अर्ज येण्याआधी मोठ्याने सांगा आणि लिहा.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरतो. पदाचं नाव, उमेदवाराचं नाव, सूचकाचं नाव आणि सही, उमेदवाराची संमतीची सही. खाली अधिकाऱ्याने अनुक्रमांक आणि मिळाल्याची वेळ लिहून सही करायची. तोंडी नाव सुचवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. "सचिव म्हणून यांनाच करा, सगळं त्यांनाच माहितीये." असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातात कोरा अर्ज द्या. संमतीची सही नसेल तर तो अर्जच नव्हे. गैरहजर सदस्याचं नाव कुणी सुचवलं, तर त्याची लेखी संमती सभेत हवी.

अनुमोदकाबद्दल एक हिशेब करून पाहा. आठ जण हजर आहेत, सचिवपदाला तीन उमेदवार. प्रत्येकाला एक सूचक आणि एक अनुमोदक, आणि कुणीही दोनदा सही करायची नाही असं म्हटलं तर नऊ माणसं लागतात. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराचा रस्ता आकड्यानेच बंद होतो. तुम्हाला लागू असलेल्या नियमांत अनुमोदक सांगितला असेल तर घ्यावाच लागेल. तसं नसेल तर सूचक एकच ठेवा, आणि एका पदासाठी एका सदस्याने एकाच उमेदवाराला सूचक व्हावं एवढं बंधन पुरे.

आपल्या सभेत अध्यक्षपदासाठी दहा मिनिटं दिली, ८.१० ते ८.२०. एकच अर्ज आला, बी-७ चा. छाननी झाली, माघारीची वेळ ८.२५ ला संपली आणि बी-७ बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. इथे "सर्वानुमते" लिहू नका. मतदान झालेलंच नाही, तर आठ जणांनी होकार दिला असं लिहायला आधार कुठला? "एकच वैध अर्ज राहिल्याने बिनविरोध" हे जे घडलं तेच आहे.

सचिवपदासाठी ८.२५ ते ८.३५ मध्ये तीन अर्ज आले: ए-२, ए-९ आणि बी-११. छाननीत पाहायचं एवढंच की उमेदवार आणि सूचक दोघं निवडून आलेले सदस्य आहेत का, सह्या आहेत का, आणि सूचक दुहेरी नाही ना. अर्ज बाद केला तर कारण अर्जावरच एका ओळीत लिहा आणि उमेदवाराला तिथल्या तिथे सांगा. मग वैध उमेदवारांची नावं वाचून दाखवा.

माघार

सगळ्यात जास्त भानगडी इथे होतात, कारण माघार घेणारा माणूस ती बहुतेकदा बोलता बोलता घेतो. "जाऊ द्या, वाद नको, त्यांनाच होऊ द्या" असं म्हणून तो पाणी प्यायला बाहेर जातो. मागे राहिलेले ती माघार धरतात. तो परत येतो तेव्हा मतपत्रिकेवर त्याचं नाव नसतं, आणि मग तो म्हणतो की मी तर नुसतं बोललो होतो.

म्हणून माघार फक्त लेखी, आणि फक्त उमेदवाराच्या स्वतःच्या सहीने. सूचकाला उमेदवाराची माघार घेता येत नाही. मजकूर इतकाच हवा: "सचिव पदासाठी दाखल केलेला माझा अर्ज क्रमांक २ मी स्वेच्छेने मागे घेत आहे." खाली सही, तारीख, वेळ. पदाचं नाव गाळू नका, कारण तोच माणूस पुढच्या पदाला उभा राहू शकतो. अधिकाऱ्याने त्यावर मिळाल्याची वेळ टाकून सही करावी आणि माघार मोठ्याने वाचून दाखवावी. एकदा स्वीकारलेली माघार परत घेता येत नाही, आणि मुदत संपल्यावर आलेली माघार घेता येत नाही. उशिरा मन बदललं तर नाव मतपत्रिकेवर राहील आणि मतं मोजली जातील.

मुदतीचं घड्याळ एकच ठरवा, अधिकाऱ्याच्या मोबाइलमधलं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं की त्यावरूनही वाद होतो. आपल्या सभेत माघारीची वेळ ८.४५ पर्यंत होती, ए-९ ची चिठ्ठी ८.४१ ला आली. उरले दोघं.

मतदान

आठ जणांच्या खोलीत गुप्तता टिकवणं चारशे जणांच्या सभेपेक्षा अवघड असतं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या चेकवरच्या सह्या पाहिलेली माणसं हस्ताक्षर लगेच ओळखतात. त्यामुळे कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहून द्यायची पद्धत टाळा. दोन्ही उमेदवारांची नावं छापलेल्या किंवा एकाच माणसाने लिहिलेल्या आठ सारख्या मतपत्रिका करा, नावापुढे चौकोन ठेवा. खूण कोणती करायची ते सांगा. सगळ्यांना एकच पेन द्या, नाहीतर हिरव्या शाईचं मत कुणाचं हे सगळ्यांना कळतं. मतपत्रिकेच्या मागे अधिकाऱ्याची सही आणि सोसायटीचा शिक्का हवा, पण अनुक्रमांक नको. आठच मतदार असताना नंबर टाकला की कुणाला कितवी पत्रिका दिली ते कुणीही लक्षात ठेवू शकतं.

रिकामा डबा सगळ्यांना दाखवून बंद करा. एकेकाने कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन खूण करायची, घडी घालून डब्यात टाकायची. पत्रिका दिली की हजेरीपत्रकावर त्या नावापुढे सही घ्या. उमेदवार स्वतःही मतदार आहेत, त्यांनी स्वतःला मत देण्यात काही गैर नाही.

डबा उघडल्यावर आधी पत्रिका नुसत्या मोजा, घडी न उघडता. हजर आठ, दिलेल्या पत्रिका आठ, डब्यात निघाल्या आठ. हे तीन आकडे जुळले तरच पुढे जा. डब्यात नऊ निघाल्या तर घड्या न उघडता ते मतदान रद्द करून पुन्हा घ्या. सात निघाल्या तर एक पत्रिका कुणाच्या तरी खिशात आहे, तसं इतिवृत्तात लिहून मोजणी करता येते. आकडे जुळल्यावर एकेक पत्रिका उघडून सगळ्यांना दाखवायची. दोन्ही चौकोनांत खूण, कोरी पत्रिका किंवा मतदाराने सही केलेली पत्रिका बाद. बाद पत्रिकेवर "बाद" आणि कारण लिहून अधिकाऱ्याने सही करावी. खूण सांगितल्यापेक्षा वेगळी आहे पण कुणाला मत दिलं हे स्पष्ट दिसतं, अशी पत्रिका मी तरी बाद करणार नाही. फक्त हे धोरण मतदानाआधी सांगितलेलं असावं, मोजताना सुचलेलं नसावं.

आपल्या सभेत ए-२ ला चार आणि बी-११ ला चार मतं पडली.

चिठ्ठी

चिठ्ठी काढण्याआधी एक गोष्ट ठरली नाही तर नंतर काहीही सिद्ध करता येत नाही: निघालेलं नाव विजयी, की निघालेलं नाव बाहेर? सार्वत्रिक निवडणुकांच्या कायद्यात ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याला एक मत जास्त मिळालं असं धरतात. तीच रीत ठेवा, पण चिठ्ठी काढण्याआधी मोठ्याने सांगा आणि दोन्ही उमेदवारांची त्याखाली सही घ्या.

एकाच कागदाचे सारख्या आकाराचे दोन तुकडे, एकाच हाताने लिहिलेली नावं, सारख्या घड्या. दोन्ही चिठ्ठ्या उमेदवारांना दाखवून मगच घडी घाला. चिठ्ठी मतदाराने काढू नये. सोसायटीचे मॅनेजर किंवा खाली खेळणारं एखादं मूल बोलवा. निघालेली चिठ्ठी दाखवल्यावर दुसरीही उघडून दाखवा, म्हणजे दोन्हींवर एकच नाव होतं अशी कुजबूज होणार नाही. दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवा. इथे बी-११ चं नाव निघालं.

एकेक पद घ्यायचं ठरलेलं असल्याने ए-२ आता खजिनदारपदाला उभे राहिले. समोर ए-६. आठपैकी पाच मतं ए-२ ला, दोन ए-६ ला, एक बाद, कारण दोन्ही नावांपुढे खूण. पाच अधिक दोन अधिक एक, आठ. प्रत्येक पदाखाली ही बेरीज लिहून दाखवली पाहिजे.

इतिवृत्तातला मजकूर

सचिवपदाचा परिच्छेद असा लिहिता येईल:

"सचिव पद. अर्ज स्वीकारण्याची वेळ रात्री ८.२५ ते ८.३५. प्राप्त अर्ज तीन: (१) ए-२, सूचक ए-५, (२) ए-९, सूचक बी-३, (३) बी-११, सूचक बी-७. छाननीअंती तिन्ही अर्ज वैध. माघारीची मुदत ८.४५. अर्ज क्र. २ च्या उमेदवारांनी ८.४१ वाजता लेखी माघार घेतली, ती वाचून दाखवण्यात आली. दोन उमेदवार राहिल्याने ८.५० वाजता गुप्त मतदान घेण्यात आले. हजर मतदार ८, दिलेल्या मतपत्रिका ८, पेटीत मिळालेल्या ८, वैध ८, बाद ०. ए-२ यांना ४ मते, बी-११ यांना ४ मते. समान मते पडल्याने, निघालेले नाव विजयी असे आधी जाहीर करून व दोन्ही उमेदवारांची सही घेऊन, ९.०६ वाजता मॅनेजरांच्या हस्ते चिठ्ठी काढण्यात आली. बी-११ यांचे नाव निघाले. बी-११ हे सचिव पदावर निवडून आल्याचे निवडणूक अधिकाऱ्यांनी ९.१० वाजता जाहीर केले. हरकत: नाही."

शेवटचे दोन शब्द विसरू नका. हरकत असेल तर ती कुणी, कशावर घेतली आणि अधिकाऱ्यांनी काय निर्णय दिला ते तीन वाक्यांत लिहा. हरकत लपवलेलं इतिवृत्त पुढे लपवणाऱ्याच्याच अंगावर येतं. कुणी काय भाषण केलं, कुणाचं कौतुक झालं, हे मात्र लिहायची गरज नाही.

हा मजकूर त्याच रात्री, सगळे बसलेले असताना इतिवृत्त वहीत उतरवा आणि अधिकाऱ्याची व हजर सदस्यांची सही घ्या. "फेअर नंतर करू" म्हणून सुट्या कागदावर ठेवलं की वेळा आणि आकडे बदलतात. चूक झाली तर व्हाइटनर नको, एक रेघ मारून वर बरोबर लिहा आणि बाजूला छोटी सही करा. संगणकावर टाइप करत असाल तर तिथेच प्रिंट काढा, प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही हवी.

निकालानंतर

निकालाचा कागद त्याच रात्री सूचना फलकावर लावा, लावल्याची वेळ लिहून. जाहीर केल्याची तारीख महत्त्वाची आहे, कारण निवडीविरुद्ध सहकार न्यायालयात जायला निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते. अर्ज, माघारीच्या चिठ्ठ्या, मतपत्रिका (पदनिहाय वेगळ्या), बाद पत्रिका, काढलेल्या चिठ्ठ्या आणि नोटिशीची पोच एका पाकिटात घालून, तोंडावर अधिकारी आणि दोन सदस्यांच्या सह्या घेऊन ते बंद करा. निदान हे दोन महिने उलटेपर्यंत पाकीट फोडायचं नाही. वाद दाखल झाला तर निकाल लागेपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताचा प्रमाणित उतारा तयार करा. एक प्रत तुमच्या प्रभागाच्या उपनिबंधक कार्यालयात देऊन पोच घ्या, एक बँकेसाठी ठेवा. बँकेत सह्या बदलायला निवडीचा उतारा पुरत नाही. खातं कोण कोण मिळून चालवणार याचा वेगळा ठराव लागतो, म्हणून तो विषय त्याच सभेच्या विषयपत्रिकेत निवडीच्या खाली ठेवा. तिन्ही पदं भरल्यावर नवे अध्यक्ष खुर्चीत बसतात आणि हा ठराव त्यांच्या अध्यक्षतेखाली होतो.

मावळत्या पदाधिकाऱ्यांकडून दप्तर घेताना यादी करा: इतिवृत्त वह्या, सभासद नोंदवही, भागपत्रांचं पुस्तक, चेकबुकं (शेवटच्या वापरलेल्या चेकच्या नंबरासह), मुदत ठेवींच्या पावत्या, शिक्के, रोख शिल्लक, ईमेल आणि लेखा सॉफ्टवेअरचे पासवर्ड. यादीच्या दोन प्रती, दोन्हींवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. दप्तर द्यायला टाळाटाळ झाली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० खाली निबंधकांकडे दाद मागता येते, आणि तिथे सर्वात आधी निवडीच्या इतिवृत्ताचा उताराच मागतात.